पीळ दिल्यावर बीड स्क्रूसारखं फुटतं, पोलाद सपाट कापलं जातं: तुटलेला तुकडा कसा वाचायचा

दोन कांड्या घ्या, दोन्ही १० मिमी व्यासाच्या. एक बिडाची, दुसरी साध्या माइल्ड स्टीलची. एकाच मशीनवर, एकाच दिशेने, तुटेपर्यंत पीळ द्या. बिडाची कांडी कट्‌ आवाज करून फुटते आणि तिच्या तोंडावर स्क्रूच्या आट्यासारखी तिरकी, चढत जाणारी पाख दिसते. स्टीलची कांडी मात्र कित्येक फेरे निमूट फिरते आणि शेवटी करवतीने कापल्यासारखी सपाट तुटते. जोर तोच, दिशा तीच, मग तुटण्याचा आकार इतका वेगळा का?

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मी हा प्रयोग करून घेतो. मुलांच्या जर्नलमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं: ‘ठिसूळ पदार्थ ४५ अंशांत तुटतो, तन्य पदार्थ ९० अंशांत.’ वाक्य खरं आहे, पण त्यातून काहीच समजत नाही. म्हणून इथे मी हा विषय हाताने करून बघण्याच्या क्रमाने मांडतो आहे. आधी रबरी नळी, मग खडू, मग मशीन आणि शेवटी तुटलेल्या तुकड्यावरून कारण ओळखणं.

पहिली पायरी: रबरी नळीवर दोन चौकोन

बागेला पाणी घालायच्या जाड रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या. तिच्यावर पेनने सेंटिमीटरभर बाजूचे दोन चौकोन काढा. पहिला सरळ काढा, म्हणजे त्याच्या दोन बाजू नळीच्या लांबीला समांतर येतील. दुसरा ४५ अंशांत वळवून, पतंगासारखा उभा काढा. आता नळीचं एक टोक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरं टोक फिरवा.

सरळ चौकोनाचा समभुज चौकोन होतो. त्याच्या बाजू एकमेकींवरून सरकल्यासारख्या कलतात आणि काटकोन मोडतात. हा शिअर. पतंगाचं मात्र वेगळंच होतं. त्याचे कोपरे काटकोनातच राहतात, पण तो एका दिशेने लांबतो आणि दुसऱ्या दिशेने आखडतो, म्हणजे चौरसाचा आयत होतो. त्या तिरक्या दिशांना सरकणं अजिबात नाही. एका दिशेला निव्वळ ताण आहे, तिच्याशी काटकोनात निव्वळ दाब.

दोन्ही चौकोन एकाच नळीवर आहेत आणि दोघांना मिळणारा पीळही एकच आहे. म्हणजे शिअर आणि ताण-दाब असे दोन वेगळे जोर इथे नाहीत. एकाच अवस्थेकडे सरळ पाहिलं तर शिअर दिसतो आणि ४५ अंशांतून पाहिलं तर ताण व दाब दिसतात. शिवाय निव्वळ पिळात या तिघांचा आकडा अगदी सारखा असतो. पृष्ठभागावर शिअर १०० मेगापास्कल असेल तर तिरक्या दिशेचा ताणही १०० आणि दाबही १००. मोहरचं वर्तुळ काढलेलं असेल तर त्याचं केंद्र शून्यावर बसतं, एवढाच त्याचा अर्थ.

पुढचं सगळं या समानतेवर उभं आहे. पीळ तिन्ही जोर सारखेच लावतो. आधी हार कुठे मानायची हे पदार्थ ठरवतो.

दुसरी पायरी: खडू

बिडाच्या वागण्याची घरबसल्या नक्कल करायला खडूइतकं चांगलं काही नाही. पण बहुतेकांचा खडू पहिल्या प्रयत्नात नीट तुटत नाही, कारण नकळत पिळासोबत वाकही दिला जातो. वाकवल्यामुळे तुटलेला खडू सपाट तुटतो, आणि मग ‘हा तर स्टीलसारखाच तुटला’ असा गोंधळ होतो.

तो टाळायचा तर खडू नवा, कोरडा आणि शक्यतो एकसारख्या जाडीचा घ्या. निमुळता खडू हटकून बारीक टोकाकडे तुटतो, कारण पृष्ठभागावरचा जोर व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर कागदी टेप गुंडाळा, म्हणजे बोटांच्या चिमटीने खडू चिरडणार नाही. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा, खडू छातीसमोर आडवा धरा आणि मनगटं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने सावकाश फिरवा. मनगटांमधलं अंतर बदलू देऊ नका.

खडू अचानक तुटेल आणि दोन्ही तुकड्यांवर तिरकी वळणदार पाख येईल. तुकडे पुन्हा जुळवून भेगेची रेघ बोटाने फिरवून पाहा. ती जवळजवळ पूर्ण फेरा मारते आणि मग सुरुवातीचं व शेवटचं टोक एका खडबडीत उभ्या फटीने जोडलेलं असतं. ४५ अंशांची रेघ एका फेऱ्यात परिघाइतकी पुढे सरकते. १० मिमीच्या खडूसाठी हे अंतर ३१ मिमी आहे, म्हणून धरायच्या जागा सोडून मधे निदान चार सेंटिमीटर खडू मोकळा हवा. तुकडा आखूड असेल तर भेग बोटांखाली शिरते आणि आकार बिघडतो.

आता दिशा पाहा. उजव्या हातातलं टोक उजवीकडून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं असेल, तर भेगेचं वळण नेहमीच्या उजव्या आट्याच्या स्क्रूसारखं येतं. उलट फिरवलं असेल तर डाव्या आट्यासारखं. खडू कुठल्या टोकाकडून पाहता याने फरक पडत नाही, कारण उजवं टोक उजवीकडून काट्याप्रमाणे फिरत असेल तर डाव्या टोकावरची प्रतिक्रियाही डावीकडून पाहिल्यावर काट्याप्रमाणेच असते. म्हणून नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: स्क्रू आवळायच्या दिशेने पीळ दिला की भेगही स्क्रूच्या आट्यासारखी.

मुलं इथे एक चूक हमखास करतात. खडूवर आधी लांबीला समांतर पेन्सिलची रेघ मारली असेल, तर पिळाने ती रेघ ज्या बाजूला कलते त्याच बाजूला भेग जाईल असं त्यांना वाटतं. घडतं उलट. रेघ कलते त्या बाजूची तिरकी दिशा ताणाची असते, आणि ताणाने पडणारी भेग ताणाला आडवी पडते. कागदाची पट्टी लांबीत ओढली तर ती आडवी फाटते, तसंच हे. त्यामुळे काट्याप्रमाणे पिळल्यावर रेघ डाव्या आट्याची होते आणि भेग उजव्या आट्याची.

तिसरी पायरी: कोण कुठे कच्चा आहे

बिडात साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्यांच्या रूपात धातूभर विखुरलेला असतो. ग्रॅफाइटला स्वतःची ताकद जवळजवळ नाही. ताण दिला की प्रत्येक पाकळी म्हणजे आधीच पडलेली बारीक भेग ठरते; तिच्या टोकाशी जोर एकवटतो आणि भेग पुढच्या पाकळीपर्यंत धावते. दाब दिला की याच भेगा मिटतात आणि जोर त्यांच्या आरपार जातो. म्हणून करडं बीड दाबात ताणापेक्षा तीन ते चार पट ताकदवान असतं. शिअरमधली त्याची ताकदही ताणातल्या ताकदीपेक्षा थोडी जास्तच भरते.

आता पीळ द्या. ताण, दाब आणि शिअर एकाच आकड्याने वाढत जातात. सर्वांत खालची मर्यादा ताणाची आहे, ती आधी गाठली जाते. मग भेग ताणाला आडवी, म्हणजे अक्षाशी ४५ अंशांत पडते. गोल कांडीवर ४५ अंशांची रेघ गुंडाळली की ती आपोआप मळसूत्र होते. बिडाची पाख एवढ्याच कारणाने तशी येते.

माइल्ड स्टीलमध्ये चित्र उलटं आहे. त्यातले स्फटिक एकमेकांवरून सरकवायला लागणारा जोर तुलनेने कमी आहे आणि अणूंचे थर सरळ ओढून विलग करायला लागणारा कितीतरी जास्त. त्यामुळे शिअरची मर्यादा आधी येते आणि धातू सरकायला लागतो. एकदा सरकला की तो पीळ धरून ठेवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं या कांडीचं होतं: मशीन सोडलं तरी ती पूर्वीसारखी सरळ होत नाही. सरकत सरकत शेवटी एका आडव्या छेदात पोकळ्या तयार होतात, त्या एकमेकींना मिळतात आणि कांडी तिथे कापली जाते.

इथे एक प्रश्न मुलांनी विचारावा असं मला नेहमी वाटतं. नळीवरच्या सरळ चौकोनाच्या चारही बाजूंवर शिअर सारखाच होता. म्हणजे जितका शिअर आडव्या छेदावर, तितकाच लांबीला समांतर उभ्या पातळीवरही. मग स्टील उभं का चिरत नाही? कारण आडव्या छेदावर एक चकती दुसऱ्या चकतीवर अक्षाभोवती मोकळेपणाने फिरू शकते आणि सगळं सरकणं एका पातळ थरात गोळा होऊ शकतं. उभ्या पातळीवर सरकायचं तर दोन अर्ध्या कांड्या लांबीत पुढेमागे जायला हव्यात, आणि टोकाच्या पकडी ते होऊ देत नाहीत. धाग्यांचा पदार्थ असेल तर मात्र निकाल फिरतो. बांबू पिळून पाहा. त्याचे धागे एकमेकांपासून सहज सुटतात म्हणून तो उभाच चिरतो. लाटलेल्या स्टीलमध्ये गंधकाच्या संयुगांच्या लांबट रेषा जास्त असतील तर त्यातही अशा उभ्या चिरा दिसतात.

चौथी पायरी: मशीनवर, आकड्यांसह

दोन्ही नमुने १० मिमी व्यासाचे आणि १०० मिमी मापनलांबीचे घेऊ. बीड एफजी २०० दर्जाचं, म्हणजे ताणातली किमान ताकद २०० मेगापास्कल. स्टीलचा ताणातला यील्ड, म्हणजे धातू कायमचा सरकायला लागतो तो जोर, २५० मेगापास्कल. टॉर्क T आणि व्यास d वरून पृष्ठभागावरचा शिअर τ काढायचं सूत्र असं:

```
τ = 16T / (πd³)
```

१० मिमीसाठी याचा अर्थ, दर मेगापास्कलला सुमारे ०.१९६ न्यूटन-मीटर टॉर्क. ताण शिअरइतकाच असल्यामुळे बीड २०० मेगापास्कलला म्हणजे ३९ न्यूटन-मीटरच्या सुमारास फुटायला हवं. स्टीलचा शिअरमधला यील्ड ताणातल्याच्या ०.५७७ पट धरला तर १४४ मेगापास्कल, म्हणजे २८ न्यूटन-मीटर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. स्टील बिडाच्या आधी हार मानतं! ‘मजबूत’ समजलं जाणारं स्टील २८ ला सरकायला लागतं आणि बीड तेव्हा अजून ताठ उभं असतं. फरक पुढे पडतो. स्टील सरकताना जोर पृष्ठभागाकडून आत पसरतो. सरकताना धातूचं घट्ट होत जाणं अजिबात धरलं नाही तरी पूर्ण छेद यील्ड होईपर्यंत टॉर्क ४/३ पट, म्हणजे ३८ न्यूटन-मीटरपर्यंत चढतो. त्यापुढे धातू घट्ट होत जातो आणि तुटेपर्यंत टॉर्क याच्या दुपटीच्या आसपास पोचू शकतो. बिडाला हा दुसरा अंकच नाही.

नमुने लावण्याआधी दोन्हींवर मार्करने लांबीला समांतर सरळ रेघ मारा. एक पकड लांबीच्या दिशेने मोकळी सरकते आहे ना ते तपासा. ती अडकलेली असेल तर पिळात न मागितलेला ताण किंवा दाब मिसळतो. पकडी एका अक्षात नसतील तर वाक मिसळतो. बिडासाठी जाळी आणि गॉगल हवाच, कारण ते फुटताना कपच्या उडतात.

बिडाचं वाचन अर्ध्या-अर्ध्या अंशाला घ्या, नाहीतर हाती दोन-तीन आकड्यांपलीकडे काही लागत नाही. सरळ हिशोबाने १०० मिमी लांबीत ते सहा अंशांच्या आसपास फुटायला हवं. प्रत्यक्षात थोडं पुढे जातं. टॉर्कही ३९ च्या वर जातो, ५० च्या आसपास गेला तरी दचकू नका. त्या वेळी मुलं ‘मशीन चुकीचं दाखवतंय’ म्हणतात. चूक सूत्रात आहे. बिडाचा ताण-विकृती आलेख सुरुवातीपासूनच वाकलेला असतो, त्यामुळे पृष्ठभागावरचा जोर सूत्र सांगतं तितका नसतो. थोडा भार आतला भाग उचलतो. सूत्रातून येणारा आकडा म्हणून फुगलेला दिसतो.

स्टीलचं वाचन पहिल्या दोन-तीन अंशांत बारीक घ्या, कारण यील्ड दोन अंशांच्या सुमारास येतो. त्यानंतर दहा अंशांना, मग अर्ध्या फेऱ्याला एक वाचन पुरतं. मार्करची रेघ इथे उपयोगी पडते. समजा पाच पूर्ण फेऱ्यांनंतर कांडी तुटली. पृष्ठभागावरची शिअर विकृती म्हणजे त्रिज्या गुणिले रेडियनमधला कोन, भागिले लांबी: ५ × ३१.४ ÷ १०० = १.५७. रेघेचा कल नेमका एवढाच असतो, म्हणजे ती अक्षापासून ५७ अंश कललेली दिसायला हवी. फेरे मोजायचे राहिले तरी रेघेचा कोन मोजून ते परत काढता येतात. बिडावरची रेघ मात्र डोळ्यांना सरळच दिसते.

तुटलेली तोंडं उजेडात तिरकी धरून पाहा. बिडाचं तोंड करडं आणि दाणेदार असतं. स्टीलचं सपाट, थोडं घासलेलं, वर्तुळाकार ओरखड्यांचं, आणि शेवटी सुटलेला छोटा खडबडीत ठिपका बहुधा मध्याजवळ. तुटलेली जागा पकडीच्या आत असेल तर तो नमुना बाद.

पाचवी पायरी: ट्रेसिंग पेपरने कोन काढणं

गोल तुकड्यावरचा तिरका कोन कोनमापकाने थेट मोजता येत नाही. तुटलेले दोन्ही भाग जुळवा, त्यांच्यावर ट्रेसिंग पेपर घट्ट गुंडाळा, भेगेवरून पेन्सिल आडवी घासा आणि कागद उलगडा. मळसूत्राची सपाट कागदावर सरळ रेघ होते. कागदाची कडा अक्षाला समांतर धरून कोन मोजा. हा कोन फक्त बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे. आत जाताना पाख वळते, कारण एकच मळसूत्री पाख प्रत्येक त्रिज्येवर ४५ अंश राखू शकत नाही. त्यामुळे तोंडाच्या आतल्या उतारावरून कोन काढू नका.

निव्वळ पीळ असेल तर ४५ च्या आसपास येतो. पण समजा कारखान्यात बिडाचा एखादा शाफ्ट तुटला आणि भेग जिथून सुरू झाली तिथे ती अक्षाशी ५८ अंश करते. भेग ताणाला आडवी, म्हणजे ताणाची दिशा अक्षापासून ३२ अंशांवर होती. गोल भरीव शाफ्टवर वाक देणारा मोमेंट M आणि टॉर्क T एकत्र असतील तर ताणाच्या दिशेचा कोन θ असा येतो:

```
tan 2θ = T / M
```

दुप्पट कोन ६४ अंश, त्याचा टॅन सुमारे २. म्हणजे तिथे वाकाचा मोमेंट टॉर्कच्या निम्म्याइतका होता. असा शाफ्ट फक्त जास्त टॉर्कने तुटला असं म्हणून चालणार नाही; बेअरिंगची रांग, पट्ट्याचा ओढा किंवा कपलिंगचं जुळणं पाहायला हवं. भेग ९० अंशांकडे जितकी झुकेल तितका वाकाचा वाटा मोठा. आणि मळसूत्र डावं की उजवं यावरून शाफ्ट तुटताना टॉर्क कुठल्या दिशेचा होता ते कळतं. तो चालण्याच्या दिशेशी जुळत नसेल, तर अडकलेला भाग उलट फिरवून सोडवताना तो तुटला असण्याची शक्यता आधी तपासा.

फसवणारे तुकडे

४५ अंशांची पाख दिसली की ‘हे बीड’ आणि सपाट दिसलं की ‘हे मऊ स्टील’, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नका. आकार पदार्थाचं नाव सांगत नाही, फक्त कुठला जोर आधी जिंकला ते सांगतो. पूर्ण कडक केलेलं पोलाद, उदाहरणार्थ आटे पाडायचा टॅप, सरकायला इतकं नाखूश असतं की तेही तिरकं फुटतं. त्याचं टेम्परिंग करून कडकपणा उतरवला तर त्याच पोलादाचं तोंड सपाट होतं. गोल ग्रॅफाइटचं एसजी आयर्नही बीडच म्हणवतं, पण पाकळ्यांची टोकं नसल्यामुळे ते फुटण्याआधी नजरेला दिसेल इतकं पिळतं.

सगळ्यांत जास्त फसवतो तो थकव्याने तुटलेला स्टीलचा शाफ्ट. रोज यील्डपेक्षा बरंच कमी टॉर्क खाणाऱ्या शाफ्टवर चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून बारीक भेग निघते आणि महिनोन्‌महिने ४५ अंशांत पुढे सरकते, कारण तिचं तोंड उघडायचं काम तिरका ताण करत असतो. टॉर्क दोन्ही दिशांना उलटसुलट होत असेल तर दोन उलट तिरक्या भेगा पडून फुलीचा आकार येतो. अशा तुकड्यावर मळसूत्र दिसतं, पण शाफ्टवरच्या मशीनिंगच्या सरळ रेषा किंवा चावीची खाच जराही पिळलेली नसते आणि तोंडावर भेग थांबत थांबत पुढे गेल्याच्या कमानी उमटलेल्या असतात. म्हणून स्टीलचा तिरका तुटलेला शाफ्ट हातात आला की मी पाखेआधी चावीची खाच पाहतो. ती सरळ असेल तर शाफ्ट एका झटक्यात गेलेला नाही, आणि जोडीच्या शाफ्टची खाच त्याच दिवशी भिंगाखाली धरावी लागते.